गेटला कळलं पाहिजे कोण बाहेर गेलंय: तीन दिवसांच्या महोत्सवासाठी बारकोड बँड की आरएफआयडी?

तीन दिवसांचा महोत्सव, तिन्ही दिवसांचा एकच पास, आणि मधे बाहेर जाऊन परत यायची मुभा. ही मुभा दिली की गेटवरचं काम पार बदलतं, पण हातात बांधायचे बँड निवडताना नेमकं हेच विसरलं जातं. पुरवठादार दोन कोटेशन ठेवतो. एक बारकोडचं, स्वस्त. दुसरं आरएफआयडीचं, म्हणजे आत चिप असलेल्या बँडचं, महाग. महागाच्या बाजूने तो दोन गोष्टी सांगतो: रांग भराभर सरकेल आणि बनावट बँड चालणार नाहीत. दोन्ही गोष्टी काही अटींवरच खऱ्या आहेत. त्या अटी कोणत्या, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, फेब्रुवारीत सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला एका मैदानावर शुक्रवार ते रविवार कार्यक्रम आहे. पास 900 रुपयांचा, आणि 3500 पास विकले गेलेत. मैदानाला दोन गेट आहेत, एक रस्त्याकडे आणि दुसरं पार्किंगकडे. लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद करावा लागतो, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी 5 ला सुरू होतो. साहजिकच जेवणाची वेळ कार्यक्रमाच्या मधोमध येते. आत स्टॉल आहेत, तरी बरीच मंडळी बाहेर जाणार. कुणी पार्क चौपाटीला चक्कर मारून येईल, कुणी घरी जाऊन लहान मुलाला आजीकडे सोडून येईल, कुणी बार्शीहून येणाऱ्या भावाला आणायला जाईल. साडेआठच्या सुमाराला सगळे परत येणार. त्या अर्ध्या तासात बँड आणि गेट यांची खरी परीक्षा असते.

पहिल्यांदा आत येणाऱ्याचं काम सरळ आहे. कोड वाचला, यादीत सापडला, त्यावर खूण झाली, माणूस आत. तोच कोड दुसऱ्यांदा आला तर यंत्र लाल दिवा दाखवतं. एकदाच प्रवेश असेल तर एवढ्यावर भागतं. परत यायची मुभा दिली की हा लाल दिवा निरुपयोगी होतो, कारण दुसऱ्यांदा आलेला कोड खऱ्या माणसाचाही असू शकतो. मग गेटवरची पोरं काय करतात? यंत्राची ती सेटिंग बंद करतात आणि कोड यादीत आहे की नाही एवढंच बघतात. त्या क्षणी एका पासवर चार माणसं आत जायला वाट मोकळी होते. बारकोड असो वा चिप, फरक पडत नाही.

म्हणून पहिला निर्णय बँडचा नसून बाहेर जाताना स्कॅन करायचं की नाही याचा आहे. प्रत्येक बँडची स्थिती दोनपैकी एक असते, आत किंवा बाहेर. आत येताना यंत्र विचारतं, 'हा बँड बाहेर आहे का?' असेल तर हिरवा दिवा देऊन त्याची स्थिती 'आत' करतं. बाहेर जाताना उलटं. ग्रंथालयात पुस्तक दिल्याची नोंद केली आणि परत आल्याची केलीच नाही, तर कपाटात काय आहे हे ग्रंथपालाला कधीच कळणार नाही. बाहेर जाताना स्कॅन नसलेल्या गेटची गत तशीच होते. हे स्कॅन बारकोडवरही होतं आणि चिपवरही. ते नसेल तर महागातली चिपसुद्धा फक्त 'हा नंबर आमचा आहे' एवढंच सांगू शकते.

बाहेर जाताना कोणी थांबायला तयार नसतं, हे खरं. म्हणून बाहेर जायची वाट वेगळी, अरुंद आणि उजेडाची हवी, आणि तिथे माणूस हवा जो ओरडून सांगेल, 'परत यायचं असेल तर हात दाखवून जा!' सोलापुरात हे वाक्य मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलणारा कोणी त्या गेटवर असला तर अर्धी भांडणं होतच नाहीत. घरीच निघालेल्याला स्कॅन केलं नाही तरी चालतं. एक गोष्ट मात्र पक्की असू द्या: बाहेरच्या वाटेवर कुलूप, साखळी किंवा अडून राहणारं फिरतं दार नको. आग लागली किंवा पळापळ झाली तर स्कॅन विसरून वाट पूर्ण मोकळी झाली पाहिजे.

आता बँडकडे येऊ. पासाची अदलाबदल दोन प्रकारे होते. एक, बँडच हातातून काढून बाहेरच्याला द्यायचा. दोन, बँडवरच्या कोडची नक्कल करायची. पहिला प्रकार जास्त होतो, कारण त्याला काही साधन लागत नाही. एक जण आत येतो, बँड सोडवतो, कुंपणाच्या पत्र्यावरून मित्राकडे टाकतो, आणि मित्र तोच घालून गेटवर येतो. बाहेर जाताना स्कॅन होत असेल तर मित्राच्या वेळी 'आधीच आत आहे' असं दिसेल. पण हे दोघं थोडा विचार करणारे असतील तर पहिला रीतसर स्कॅन करून बाहेर येतो, बँड मित्राला देतो आणि मित्र आत जातो. तेवढ्याने जादा माणूस आत गेला असं होत नाही, फक्त माणूस बदलला. तीन दिवसांच्या पासात मात्र हे महागात पडतं, कारण शुक्रवारी एक, शनिवारी दुसरा, रविवारी तिसरा असा एकच पास तिघांत फिरतो आणि तीन पासांऐवजी एक विकला जातो. यंत्राच्या लेखी सगळं बरोबर असतं.

याला उपाय एकच, बँड कापल्याशिवाय निघू नये. टायवेक नावाचा कागदासारखा दिसणारा बँड फाटत नाही, पाण्यानेही खराब होत नाही, पण तो डिंकाने चिकटतो. चिकटपट्टीवर काप दिलेले असतात म्हणून ओढला की ती फाटते. एका संध्याकाळसाठी तो चांगला आहे. तीन दिवस, रोजची आंघोळ, दुपारचं ऊन आणि घाम यात डिंक ढिला पडतो, कडा उचलल्या जातात, आणि तिसऱ्या दिवशी कुणी मुद्दाम काढला की आपोआप निघाला हे सांगता येत नाही. तीन दिवसांसाठी कापडी बँड घ्यावा, एकाच दिशेने सरकणाऱ्या दातेरी प्लॅस्टिकच्या मण्याचा किंवा पक्कडीने दाबून बसवायच्या धातूच्या कडीचा. मणी घट्ट करता येतो, मागे येत नाही. धातूची कडी दाबली की बँड कापूनच काढावा लागतो.

कुलूप कितीही चांगलं असलं तरी बँड सैल बांधला तर साबण लावून तो हातावरून सरकतो. बँड आणि मनगट यांच्यात एक बोट जेमतेम जावं, याहून सैल नको. म्हणून बँड घरी कुरिअरने पाठवू नयेत, हे माझं ठाम मत आहे. घरी माणूस सोयीपुरता सैल बांधतो आणि गेटवर त्याला पुन्हा घट्ट करायला सांगायला कोणाला सवड नसते. बँड आयोजक मंडळाच्याच माणसाने हातावर बांधावा. याला वेळ लागतो, तो आधीच मोजून ठेवा. पास तपासून बँड घट्ट करायला 25 सेकंद धरले तर 3500 जणांना मिळून 24 तासांच्या वर काम होतं. सहा टेबलं लावली तर चार तास. हे काम गेटवर नको. गुरुवारपासून शहरात एकदोन ठिकाणी टेबल मांडा आणि शुक्रवारी दुपारी मैदानाबाहेर वेगळा मंडप टाका. बँड हातात असलेलाच गेटच्या रांगेत यावा.

कापडी बँडविषयी सोलापूरकरांना एक गोष्ट पटकन कळेल. चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर विणताना तोच नमुना परत परत येतो. कापडी बँडवरचं नाव आणि चित्र असंच विणलेलं असतं, म्हणून सगळे बँड सारखे दिसतात. प्रत्येक बँडवर वेगळा कोड विणणं परवडत नाही. तो कोड बँडमध्ये ओवलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या पाटीवर छापतात, आणि चिपही त्याच पाटीच्या आत बसते. कोटेशन वाचताना याचा उपयोग होतो. पुष्कळदा बारकोडच्या बाजूला कागदी बँडचा भाव असतो आणि चिपच्या बाजूला कापडी बँडचा. मग आरएफआयडीने सुरक्षितता आली असं वाटतं, पण त्यातला मोठा वाटा कापडाचा आणि कुलपाचा असतो. तुलना करायची तर तोच कापडी बँड, तेच कुलूप, एका पाटीवर क्यूआर म्हणजे चौकोनी बारकोड आणि दुसरीत चिप, असे भाव मागा.

आता रांगेचा मुद्दा. साडेआठनंतरच्या अर्ध्या तासात 900 माणसं परत आली असं धरू, म्हणजे मिनिटाला 30. परत येणाऱ्याचीही झडती घ्यावीच लागते, कारण तो बाहेरून काय घेऊन आला ते माहीत नसतं. पिशवी उघडून बघणं आणि अंगझडती याला भरभर केलं तरी 8 सेकंद जातात. म्हणजे एका रांगेतून मिनिटाला साडेसात माणसं. 30 माणसांसाठी चार रांगा हव्यात. क्यूआर वाचायला, हात वळवून पाटी वर आणायला वगैरे धरून, 4 सेकंद लागतात, म्हणजे एक स्कॅनर मिनिटाला 15 जणांना पुरतो. चिपला दीड सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला 40. दोन्ही झडतीपेक्षा वेगवान आहेत. स्कॅनरवाला झडतीवाल्याच्या पुढे उभा असतो आणि त्याला पुढचा माणूस येईपर्यंत थांबावंच लागतं. चिप लावली म्हणून ही रांग एका माणसानेही कमी होत नाही. रांग कमी करायची तर झडतीची माणसं वाढवा, विशेषतः महिलांच्या रांगेत. तिथे आडोसा लागतो, वेळ जास्त जातो आणि महिला कर्मचारी नेहमी कमी पडतात. चिपच्या वेगाचा फायदा जिथे झडती नाही आणि हजारो माणसं फिरत्या दारातून जातात तिथे दिसतो.

क्यूआरला 4 सेकंद लागतात ते चांगल्या स्कॅनरने. हे काम फोनच्या कॅमेऱ्यावर सोडलं तर अंधारात, हलत्या हातावर तो फोकस शोधत बसतो आणि 10 सेकंदही सहज जातात. क्यूआर वाचणारा हातातला स्कॅनर, ज्याच्यात स्वतःचा दिवा असतो, तो भाड्याने घ्या. दुकानात असतो तो लाल रेघेचा जुना लेझर स्कॅनर फक्त उभ्या पट्ट्यांचा बारकोड वाचतो, क्यूआर नाही. ऑर्डर देण्याआधी हे तपासा. उभ्या पट्ट्यांचा लांब बारकोड मनगटावर गोल वळतो आणि त्याची टोकं स्कॅनरच्या नजरेआड जातात, म्हणून बँडवर चौकोनी क्यूआरच बरा. तो सपाट पाटीवर, निदान 12 मिलिमीटरचा आणि दोन्ही बाजूंना छापलेला असावा, म्हणजे पाटी उलटली तरी अडत नाही.

बनावट बँडच्या बाबतीत क्यूआरची कमजोरी खरी आहे. कोड उघडा असतो. कुणी हात उंचावून फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला, तर त्यातून कोड वाचता येतो आणि दुसऱ्या पाटीवर छापता येतो. आत-बाहेरची नोंद असेल तर ही नक्कल खरा माणूस आत असताना चालत नाही. तो जेवायला बाहेर गेला की मात्र नक्कल आत जाते, आणि परत येताना खऱ्या माणसालाच लाल दिवा दिसतो. याची खूण नोंदीत सापडते. एकाच कोडवर 'आधीच आत' असा नकार पुन्हा पुन्हा येऊ लागला तर नक्कल फिरतेय असं समजा. उपाय दोन आहेत. पहिला, कोडचे आकडे ओळीने नकोत. 000123 असा कोड असेल तर 000124 कोणीही बनवेल, त्याला फोटोही लागत नाही. दहाबारा अक्षरांचा, कसलाही क्रम नसलेला कोड पुरवठादाराकडून मागून घ्या. दुसरा उपाय गेटवरच्या माणसाचा. त्याने स्कॅन करता करता बँडला बोटाने एक हिसका द्यायचा. विणलेलं कापड हाताला कळतं आणि कुलूप पक्कं आहे की नाही तेही कळतं. छापील नक्कल, कापून मागे सेफ्टी पिनने जोडलेला बँड, दोन्ही तिथेच पकडले जातात.

हा हिसका मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि चिप आली की तोच पहिल्यांदा बंद पडतो. चिपच्या गेटवर लोक स्वतः हात पुढे करतात, यंत्र टुक वाजतं आणि ते पुढे जातात. कर्मचारी दिव्याकडे बघतो, हाताकडे बघत नाही. चिप मुठीतूनही वाचली जाते, त्यामुळे कापलेला बँड मुठीत धरला तरी दिवा हिरवा होतो. चिप घेतली तरी बाही वर करून बँड हातावर बांधलेला दिसलाच पाहिजे असा नियम ठेवा. त्यात पुन्हा सेकंद-दोन सेकंद जातात, म्हणजे वेगाचा उरलासुरला फायदाही संपतो.

चिप खरोखर उपयोगी पडते ती नेटवर्कच्या बाबतीत. मैदानावर तीन हजार फोन एकाच टॉवरला लटकले की मोबाइल इंटरनेट रखडतं. स्कॅनरचं अ‍ॅप तेव्हा ऑफलाइन जातं. म्हणजे सगळी यादी त्याच्या पोटात असते, पण दुसऱ्या गेटवर आत्ता काय झालं हे त्याला माहीत नसतं. दोन्ही गेट एकाच कोडला हिरवा दिवा देतात, आणि रात्री नेटवर्क आल्यावर सगळ्या नोंदी एकत्र झाल्या की असं दिसतं:

```
18:42:10  GATE1  IN   7F3K9Q2M4X
18:47:55  GATE2  IN   7F3K9Q2M4X
```

मधे बाहेर गेल्याची नोंद नाही आणि दोन गेटवर पावणेसहा मिनिटांच्या अंतराने दोनदा आत. म्हणजे दोन माणसं आत गेली. पण हे कळेपर्यंत कार्यक्रम संपलेला असतो.

चिपमध्ये लिहिता येतं. बाहेर जाताना वाचक यंत्र चिपवरच 'बाहेर' असं लिहितं, आत येताना 'आत'. मग दुसऱ्या गेटला कुणाला काही विचारावं लागत नाही, कारण बँड स्वतःची स्थिती स्वतःसोबत घेऊन फिरतो. नेटवर्क पूर्ण बंद असलं तरी हे चालतं. छापलेल्या क्यूआरला हे कधीच जमणार नाही.

गोम इथेच आहे. बरेच पुरवठादार चिपवर काही लिहितच नाहीत. प्रत्येक चिपला कारखान्यात मिळालेला एक क्रमांक असतो, त्याला यूआयडी म्हणतात. त्यांचं यंत्र फक्त तो वाचतं आणि यादीत शोधतं. अशा वेळी चिप म्हणजे न दिसणारा बारकोडच झाला. नेटवर्क गेलं की त्याचीही तीच अडचण. शिवाय यूआयडी गुप्त नसतो. एनएफसी असलेला साधा फोन तो वाचतो, आणि यूआयडी बदलता येणाऱ्या कोऱ्या चिप बाजारात विकत मिळतात. नक्कल करायला क्यूआरपेक्षा थोडी जास्त माहिती लागते, पण अशक्य काहीच नसतं.

म्हणून पुरवठादाराला विचारायचा प्रश्न असा: 'तुमचं यंत्र चिपचा फक्त क्रमांक वाचतं, की चिपला गुप्त किल्ली विचारतं?' एनटॅग 213 ही स्वस्त आणि सर्रास वापरली जाणारी चिप आहे. तिला पासवर्ड लावता येतो, पण तो चिपकडे जाताना उघडाच जातो, म्हणजे यंत्राजवळ उपकरण नेऊन कुणी ऐकला तर ऐकू येतो. पासवर्ड लावलाच नाही तर कुणीही फोनवरून 'आत' पुसून 'बाहेर' लिहील. मायफेअर अल्ट्रालाइट सी सारख्या चिपमध्ये किल्ली हवेतून जातच नाही. यंत्र आणि चिप एकमेकांना गणित घालून किल्ली ओळखतात, आणि ते उत्तर दर वेळी वेगळं असतं. आत-बाहेरची स्थिती चिपवर ठेवायची असेल तर ही दुसऱ्या प्रकारची चिप मागा.

लिहिण्याचा एक त्रासही आहे. ही चिप 13.56 मेगाहर्ट्झवर चालते आणि यंत्रापासून दोनचार सेंटिमीटरवरच वाचली जाते. वाचायला क्षणभर पुरतं, लिहायला हात थोडा जास्त वेळ टेकवून ठेवावा लागतो. घाईत कुणी हात लवकर मागे घेतला तर लिहिणं अर्धवट राहतं आणि परत येताना यंत्र त्याला 'आत' समजतं. चांगलं यंत्र लिहिल्यावर परत वाचून खात्री करतं आणि मगच आवाज देतं. डेमो बघताना हात मुद्दाम लवकर काढून बघा. यंत्र लोखंडी बॅरिकेडला थेट बांधलं तर वाचायचं अंतर आणखी कमी होतं, म्हणून मधे लाकडी फळी किंवा जाड प्लॅस्टिक ठेवावं. कोणी दुरून वाचणारी यूएचएफ चिप सुचवली तर गेटसाठी नको म्हणा. ती अंगाला टेकली की नीट वाचली जात नाही आणि शेजारच्या रांगेतल्या माणसाचा बँडही वाचते, त्यामुळे कोण आत गेलं याचा गोंधळ होतो.

आपल्या उदाहरणात हिशेब असा लागेल. समजा क्यूआरचा कापडी बँड 18 रुपयांना आणि किल्लीवाल्या चिपचा 45 रुपयांना पडतो. बँडमागे 27 रुपये जास्त. 3500 बँडचे 94,500 रुपये. पास 900 रुपयांचा, म्हणजे चिपमुळे निदान 105 अशी माणसं अडली पाहिजेत, जी अडल्यावर पास विकत घेतील. यंत्रांचं भाडं वेगळं. सैल बँड आणि बाहेर जाताना न होणारं स्कॅन या दोन वाटा बंद केल्यावरही 105 जण उरतील असं मला या आकाराच्या कार्यक्रमात वाटत नाही. तुमचे दर वेगळे असतील, तर त्याच गणितात आपले आकडे टाकून बघा.

उरतो नेटवर्कचा प्रश्न, आणि तो चिपशिवाय सुटतो. परत येणाऱ्यांना एकच गेट द्या, रस्त्याकडचं. पार्किंगचं गेट साडेसातनंतर फक्त बाहेर जायला ठेवा. बाहेर जाताना त्या गेटवर झालेलं स्कॅन रस्त्याकडच्या गेटला पोचायला हवं, म्हणून दोन गेटमध्ये लॅन केबल ओढा. ती एका तुकड्यात 100 मीटरपर्यंत नीट चालते, त्याहून लांब असेल तर मधे एक स्विच लागतो. सगळे स्कॅनर मैदानातल्याच एका लॅपटॉपला जोडा, त्याला आणि राउटरला यूपीएस द्या. मग मोबाइल टॉवर बसला तरी गेटला काही होत नाही. केबल जमिनीवरून टाकू नका, कुणाच्या तरी पायात येऊन निघते.

याच कार्यक्रमाला पाच-सहा गेट असते, ती एकमेकांपासून लांब असती, किंवा आतल्या स्टॉलवर लोकांनी बँडमध्ये भरलेल्या पैशांनी खरेदी करायची असती, तर मी चिप निवडली असती. स्टॉलवरचे पैसे हा तर चिपचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, कारण तिथे झडती नसते आणि प्रत्येक खरेदीला सेकंद वाचतो. तेव्हाही त्याच पाटीवर क्यूआर छापून घ्या. हात आपटून चिपला जोडलेली बारीक तार तुटते, आणि अशा बँडचा मालक काहीही चूक नसताना गेटवर अडकतो.

आत-बाहेरची नोंद ठेवायची ठरली की दोन गोष्टी नेमक्या विसरल्या जातात. पहिली, रात्रीची सफाई. 10 वाजता दीड-दोन हजार माणसं एकदम निघतात, तेव्हा त्यांना स्कॅन करत बसणं चुकीचं आणि धोक्याचं आहे. म्हणून त्यांची स्थिती 'आत' अशीच राहते. मैदान रिकामं झालं की लॅपटॉपवर सगळे बँड एकदम 'बाहेर' करायचे. हे राहिलं तर शनिवारी पाच वाजता पहिल्याच माणसाला लाल दिवा दिसेल, त्याच्या मागच्यालाही, आणि मग गेटवरची मंडळी वैतागून तपासणीच बंद करतील. स्थिती चिपवर ठेवली असेल तर रात्री सगळे बँड घरी गेलेले असतात, त्यांच्यावर लिहिता येत नाही. तेव्हा चिपवर 'आत' सोबत तारीखही लिहिलेली हवी आणि कालच्या तारखेचं 'आत' यंत्राने 'बाहेर' धरलं पाहिजे. हेही डेमोतच विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, अडलेल्या माणसासाठी वेगळं टेबल. कोणी स्कॅन न करता बाहेर गेला, कोणाचा कोड घासला गेला. रांगेत उभं राहून हे सोडवू नका. माणसाला बाजूच्या टेबलावर पाठवा. तिथे बँडचं कुलूप बघायचं, पास घेताना दिलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी पाठवायचा, तो जुळला की हाताने 'आत' करून सोडायचं, आणि प्रत्येक वेळी कारण लिहून ठेवायचं. बँड तुटला असेल तर जुना कापून ताब्यात घ्यायचा, त्याचा कोड बंद करायचा आणि मगच नवा बांधायचा. यासाठी शंभरेक कोरे बँड जास्तीचे मागवा आणि ते मोजून एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. मोजणीशिवाय पडलेला कोरा बँड ही सगळ्यात सोपी चोरी आहे आणि ती कुठलीही चिप अडवू शकत नाही.

शुक्रवारी रात्री या टेबलाची वही बघा. परत आलेल्या वीस जणांत एकापेक्षा जास्त जण तिथे आले असतील तर बाहेरच्या वाटेवरचं स्कॅन नीट होत नाहीये, तिथे शनिवारी आणखी एक माणूस द्या. शिवाय शुक्रवारी गर्दीच्या अर्ध्या तासात एकाला हातात मोजणीचं क्लिकर देऊन गेटच्या आत उभं करा. त्याने मोजलेली माणसं आणि लॅपटॉपने मोजलेली माणसं यांची तुलना करा. क्लिकरचा आकडा मोठा असेल तर लोक स्कॅन न होता आत जातायत, म्हणजे गळती गेटवर आहे. दोन्ही आकडे सारखे असूनही मैदान पासांच्या मानाने जास्त भरलेलं दिसत असेल, तर बँड शोधा. रांगेतल्या दहाव्या दहाव्या माणसाचा बँड हातात धरून, कुलूप आणि कापड बघून, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत ते कळून येतं.